हफमनपेक्षा रन-लेंथ लहान आलं, मग एन्ट्रॉपीची मर्यादा मोडली का?

प्रश्न: माझ्याकडे ८×८ चं एक छोटं चित्र आहे. त्यात चारच ग्रे लेव्हल आहेत: अ=२०, ब=९०, क=१६०, ड=२४०. मूळ चित्रात दर पिक्सेलला ८ बिट आहेत.

```
अ अ अ अ अ अ अ अ
अ अ अ अ अ अ अ अ
अ अ अ अ अ अ ब ब
अ अ अ अ ब ब ब ब
अ अ ब ब ब ब क क
अ अ ब ब क क क क
ब ब क क क क ड ड
ब ब ड ड ड ड ड ड
```

एन्ट्रॉपी १.८१ आली, म्हणजे ६४ पिक्सेलना किमान ११५.५७ बिट. हफमनने ११६ बिट आले, ते पटलं. पण रन-लेंथने १०५ बिटच लागले! एन्ट्रॉपीच्या खाली जाता येत नाही असं शिकलो होतो. माझं कुठं चुकलं? आणि कॉम्प्रेशन रेशो ४.४ लिहू की १.१? दोन्ही उत्तरं निघतायत.

उत्तर:

तुमचं गणित बरोबर आहे, तिन्ही आकडे मी पुन्हा काढून पाहिले. गोंधळ आहे तो १.८१ हा आकडा नक्की कशाचा आहे, यात. तो या चित्राचा नाही, या चित्राच्या हिस्टोग्रामचा आहे. या दोन गोष्टींत किती अंतर असू शकतं हे तुमच्या या चौसष्ट पिक्सेलमध्ये फार स्वच्छ दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हफमनची बाजू पक्की करून घेऊ. पिक्सेल मोजले तर अ ३० वेळा येतो, ब १६ वेळा, क १० वेळा आणि ड ८ वेळा. प्रत्येकाची शक्यता म्हणजे त्याची संख्या भागिले ६४, आणि सूत्र शॅननने १९४८ साली मांडलेलं:

```
H = -Σ p·log2(p)
  = 0.5124 + 0.5000 + 0.4184 + 0.3750
  = 1.8058 बिट दर पिक्सेल
```

हफमनची रीत १९५२ ची. सर्वांत कमी वेळा येणारे दोन घ्यायचे, त्यांची बेरीज करून एक गाठ बांधायची, आणि पुन्हा तेच. इथे ड आणि क मिळून १८ होतात, १८ आणि ब मिळून ३४, ३४ आणि अ मिळून ६४. झाडाच्या टोकापासून खाली उतरत गेलं की कोड मिळतात: अ ला `0`, ब ला `10`, क ला `110`, ड ला `111`. एकही कोड दुसऱ्याची सुरुवात नाही, म्हणून मध्ये स्वल्पविराम न देताही सलग बिटांमधून पिक्सेल सुटे करता येतात. एकूण बिट ३०×१ + १६×२ + १०×३ + ८×३ = ११६, सरासरी १.८१२५.

हे ओळीओळीने मोजून पाहिलंत तर एक गोष्ट हाताला लागते. पहिल्या दोन ओळींना प्रत्येकी ८ बिट लागतात. पाचव्या ओळीला १६, म्हणजे साध्या दोन-बिटी कोडइतकेच. आणि शेवटच्या दोन ओळींना प्रत्येकी २२, म्हणजे साध्या कोडपेक्षा जास्तच. अ वर जे वाचवलं त्याची किंमत क आणि ड भरतात. हफमनचा सगळा फायदा या देवाणघेवाणीतून येतो, आणि त्यात पिक्सेल कुठे बसला आहे याचा काहीही संबंध येत नाही.

वह्या तपासताना इथे एक चूक वारंवार दिसते. कोणी अ ला `0`, ब ला `1`, क ला `10`, ड ला `11` असे कोड देतं आणि ८२ बिट, सरासरी १.२८ असं खुशीत लिहून देतं. सरासरी एन्ट्रॉपीच्या खाली गेली म्हणजे कोड सुटत नाही, हे न तपासताच सांगता येतं. `10` म्हणजे क की ब नंतर अ? खात्री करायची असेल तर प्रत्येक कोडच्या लांबीइतका २ चा ऋण घात घेऊन बेरीज करा. वरच्या बरोबर कोडची बेरीज १/२ + १/४ + १/८ + १/८ = १ येते. या चुकीच्या कोडची १.५ येते, आणि ती १ च्या वर गेली की विषय संपला.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. समजा हे चौसष्ट पिक्सेल कात्रीने सुटे केले, डब्यात घालून खळखळून हलवले आणि जसे हाताला येतील तसे ८×८ मध्ये मांडले. चित्र ओळखू येणार नाही, पण हिस्टोग्राम तोच राहील. म्हणून एन्ट्रॉपी १.८०५८ आणि हफमनचे ११६ बिट हे आकडे जागचे हलणार नाहीत. वरचं सूत्र असं धरून चालतं की प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्याकडे न बघता, याच शक्यतांनी स्वतंत्रपणे निवडला गेला आहे. ११५.५७ ही मर्यादा खरी आहे, पण ती ‘एका पिक्सेलला एक ठरलेला कोड’ या पद्धतीने जाणाऱ्यांसाठी. तिथे तुम्ही ११६ वर पोहोचलात, म्हणजे अर्ध्या बिटाचंही अंतर उरलं नाही. रन-लेंथ मात्र एकट्या पिक्सेलला कोड देतच नाही. ती सलग एकाच ग्रे लेव्हलच्या पट्ट्याला कोड देते, त्यामुळे ही मर्यादा तिला लागूच होत नाही.

डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की पुढच्या ओळीला जोडून वाचलं तर तुमच्या चित्रात हे पट्टे मिळतात:

```
अ22 ब2 अ4 ब4 अ2 ब4 क2 अ2 ब2 क4 ब2 क4 ड2 ब2 ड6
```

पंधरा पट्टे. लेव्हलसाठी २ बिट, आणि सर्वांत लांब पट्टा २२ चा असल्यामुळे लांबीसाठी ५ बिट, म्हणून १५×७ = १०५. आता हेच हलवलेल्या चित्रावर करून बघा. तिथे शेजारचे दोन पिक्सेल सारखे निघण्याची शक्यता (३०·२९ + १६·१५ + १०·९ + ८·७) ÷ (६४·६३), म्हणजे सुमारे ०.३१. बाकीच्या ०.६९ शक्यतेने पट्टा तुटतो. सलग वाचताना शेजारच्या जोड्या ६३ असतात, त्यामुळे सरासरीने सुमारे ४४ पट्टे आणि ३०८ च्या आसपास बिट. न दाबलेल्या दोन-बिटी चित्राचे बिट १२८! म्हणजे रन-लेंथने चित्र दाबायच्या ऐवजी अडीच पटीवर फुगवलं.

यातून एक कामाची कसोटी मिळते. सात बिटांचा पट्टा धरला तर १२८ च्या खाली राहायला जास्तीत जास्त १८ पट्टे चालतील, आणि हफमनच्या ११६ ला हरवायला जास्तीत जास्त १६. तुमचे १५ आहेत, म्हणजे थोडक्यात जिंकलात. चित्रात कुठेतरी एकच ठिपका पट्ट्याच्या मध्ये पडला तर एका पट्ट्याचे तीन होतात. तुमच्या चित्रात असा एक ठिपका आला की पट्टे १७, बिट ११९, आणि हफमन पुढे. कॅमेऱ्याच्या फोटोवर साधं रन-लेंथ चालत नाही त्याचं कारण हेच. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या भिंतीतही सेन्सरच्या खरखरीमुळे शेजारचे पिक्सेल एखाद-दुसऱ्या लेव्हलने वेगळे असतात.

लांबीला किती बिट द्यायचे, यावर बहुतेक जण विचारच करत नाहीत. सर्वांत लांब पट्टा बघतात आणि तेवढे बिट देतात. पण २२ चा पट्टा तुमच्याकडे एकच आहे, आणि त्याच्यासाठी बाकीचे चौदा पट्टे प्रत्येकी दोन बिट फुकट मोजतात. लांबीला ३ बिट द्या आणि लांबीतून १ वजा करून लिहा, म्हणजे १ ते ८ मावतील. २२ चे ८, ८ आणि ६ असे तुकडे होतील, एकूण १७ तुकडे, दर तुकड्याला ५ बिट, म्हणजे ८५. दोन बिट दिले तर २१ तुकडे आणि ८४. एक बिट दिला तर ३२ तुकडे आणि ९६. तळ कुठे आहे ते दिसतंच आहे. उलट, पुस्तकी सवयीने लेव्हलला एक बाइट आणि लांबीला एक बाइट दिला असता तर हेच चित्र २४० बिटांवर गेलं असतं, आणि ‘रन-लेंथ हफमनच्या दुप्पट वाईट’ असा निष्कर्ष निघाला असता. पट्टे तेच, फक्त लिहायची पद्धत वेगळी.

वाचायची दिशाही तशीच. हेच चित्र वरून खाली, स्तंभाने वाचलं तर पट्टे २८ होतात. नागमोडी वाचलं, म्हणजे एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून, तर ओळीच्या टोकाला पट्टे एकमेकांना जोडले जातात आणि ११ च उरतात. तीन-बिटी लांबीने ते ६५ बिट होतात. अर्थात वाचणाऱ्यालाही दिशा आधी माहीत हवी.

मग या चित्राची ‘खरी’ एन्ट्रॉपी किती? त्याला एकच उत्तर नाही, तुम्ही चित्राकडे कोणत्या नजरेने बघता यावर ते ठरतं. एक पायरी पुढे जाऊन बघू. आधीचा पिक्सेल माहीत असताना पुढच्याबद्दल किती अनिश्चितता उरते, हे मोजायचं. अ नंतर ३० वेळांपैकी २६ वेळा पुन्हा अ च येतो आणि ४ वेळा ब. क नंतर १० पैकी ७ वेळा क, आणि अ, ब, ड प्रत्येकी एकदा. अशा चारही लेव्हलच्या मोजण्या घेऊन सशर्त एन्ट्रॉपी काढली तर ६३ पावलांना मिळून ५८.७ बिट येतात, म्हणजे दर पिक्सेलला ०.९३. हिस्टोग्रामच्या आकड्याच्या जवळपास निम्मे. शेजाऱ्याकडे पाहिल्याने जे निम्मं कमी झालं, त्याचाच काही भाग तुमच्या रन-लेंथच्या हाती लागला. म्हणून १०५ हे नियमभंग नाहीत. शेजाऱ्याची माहिती वापरणाऱ्या पद्धतीच्या मानाने ते अजून बरेच ढिले आहेत.

ते घट्ट करायची सरळ वाट म्हणजे आधी पट्टे काढायचे आणि मग पट्ट्यांवर हफमन. पंधरा पट्ट्यांत ब ६, अ ४, क ३ आणि ड २ वेळा येतो. त्यांना अनुक्रमे १, २, ३, ३ बिटांचे कोड मिळतात आणि लेव्हलचे २९ बिट होतात. वाचला तो एकच बिट, कारण पट्टे केल्यावर लेव्हल बऱ्याच समसमान झाल्या. खरी कमाई लांबीत आहे. २ ही लांबी ८ वेळा येते, ४ ही ५ वेळा, ६ आणि २२ एकेकदा. कोड १, २, ३, ३ बिटांचे, एकूण २४ बिट. दोन्ही मिळून ५३.

हा आकडा वरच्या ५८.७ च्याही खाली आहे, हे तुमच्या लक्षात येईलच, म्हणून आधीच सांगतो. एका पिक्सेलपुरतं मागे बघणाऱ्याला ‘हा पट्टा आता कुठेही तुटू शकतो’ असं वाटतं. पण तुमच्या चित्रातले सगळे पट्टे सम लांबीचे आहेत, कारण स्तंभ जोडीजोडीने अगदी सारखे आहेत. लांबीवरच्या हफमनला ही गोष्ट दिसते, एका पिक्सेलच्या आठवणीला दिसत नाही. शिवाय ५३ मध्ये अजून एक खर्च धरलेला नाही, त्याकडे लगेच येतो.

पट्टे आणि मग हफमन ही जोडी नवी नाही. १९८० च्या ग्रुप ३ फॅक्समध्ये नेमकं हेच होतं. १७२८ ठिपक्यांची एक ओळ, त्यात पांढरे-काळे पट्टे आळीपाळीने, आणि पट्ट्याच्या लांबीला हफमन धाटणीचा कोड. पांढऱ्या लांब्यांचा तक्ता वेगळा, काळ्यांचा वेगळा, कारण कागदावर पांढरे पट्टे लांब आणि काळे आखूड असतात. ओळ नेहमी पांढऱ्याने सुरू होते असं धरलेलं असल्यामुळे रंग लिहायचीच गरज नाही. ओळ काळ्याने सुरू झाली तर आधी शून्य लांबीचा पांढरा पट्टा पाठवायचा. आणि हे तक्ते मानकातच ठरवून दिलेले होते, प्रत्येक पानाबरोबर पाठवावे लागत नव्हते.

तुमच्या चित्रात मात्र तक्ता पाठवावाच लागेल, आणि इथेच रेशोचा प्रश्न येतो. वाचणाऱ्याला अ म्हणजे २० हे कळायला हवं. चार लेव्हल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ३२ बिट सगळ्याच पद्धतींना. हफमनला शिवाय प्रत्येक कोडची लांबी सांगावी लागते. लांब्या कळल्या की कोड ठरलेल्या क्रमाने पुन्हा बांधता येतात, म्हणून चार लांब्यांना प्रत्येकी २ बिट पुरतात. एकूण ११६ + ३२ + ८ = १५६. काहीच न करता दोन-बिटी क्रमांक लिहिले असते तर १२८ + ३२ = १६०. हफमनच्या सगळ्या खटाटोपाची निव्वळ कमाई चार बिट.

रन-लेंथ १०५ + ३२ = १३७ वर येतं, आणि तीन-बिटी लांबीचं ८५ + ३२ = ११७ वर. ज्याचे ५३ च बिट होते त्या जोडीला लेव्हलच्या तक्त्याचे ३२ आणि ८, वर लांब्यांचा दुसरा तक्ता (चार लांब्या ५ बिटांत म्हणजे २०, आणि त्यांच्या कोडलांब्यांचे ८) असे ६८ बिट जास्तीचे लागतात. बेरीज १२१. म्हणजे साधं तीन-बिटी रन-लेंथ तिला चार बिटांनी हरवतं! चित्र ५१२×५१२ असतं तर तक्त्याचे ६८ बिट कोणाच्या खिजगणतीतही नसते. चौसष्ट पिक्सेलला ते निम्म्याहून जास्त आहेत.

रेशोबद्दल सांगायचं तर तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त अंश वेगळा आहे. ५१२ ÷ ११६ = ४.४१ मध्ये मूळ चित्र ८ बिटांचं धरलं आहे. १२८ ÷ ११६ = १.१० मध्ये २ बिटांचं. त्या ४.४१ मधला चारपट भाग ‘चारच लेव्हल आहेत’ या गोष्टीतून आला, हफमनमधून नाही. हफमनची स्वतःची कमाई १.१० च आहे. प्रश्नात ‘मूळ चित्र ८ बिटांचं’ असं दिलं असेल तर ४.४१ लिहा. पण हफमन आणि रन-लेंथ यांची तुलना करायची असेल तर १.१० आणि १.२२ (म्हणजे १२८ ÷ १०५) हेच आकडे प्रामाणिक आहेत. तक्त्यासकट फाइलचा रेशो विचारला असेल तर हफमनचा ५१२ ÷ १५६ = ३.२८, आणि तीन-बिटी रन-लेंथचा ५१२ ÷ ११७ = ४.३८.

हे प्रत्यक्ष फाइलमध्ये लिहिणार असाल तर दोन गोष्टी जपा. ११६ बिट बाइटमध्ये नीट बसत नाहीत, १५ बाइट लागतात आणि शेवटी चार बिट रिकामे राहतात. तिथे शून्यं भरली तर वाचणारा त्यांना चार अ समजेल, म्हणून किती पिक्सेल वाचायचे ते आधी लिहावं लागतं. दुसरं, एक बिट उलटला तर काय होतं ते पाचव्या ओळीवर बघा:

```
बरोबर : 0 0 10 10 10 10 110 110   -> अअबबबबकक
बिघडलं: 10 10 10 10 10 110 110    -> बबबबबकक
```

पहिलाच बिट `0` चा `1` झाला, आठाच्या जागी सातच पिक्सेल निघाले, आणि तिथून पुढचं सगळं चित्र एक घर डावीकडे सरकलं. रंग बहुतेक बरोबरच दिसतात, त्यामुळे नजरेला पटकन कळत नाही. शेवटी पिक्सेल ६४ ऐवजी ६३ भरले की कळतं. रन-लेंथमध्ये लांबीचा बिट उलटला तरी असंच सरकतं, पण लेव्हलचा बिट उलटला तर फक्त एका पट्ट्याचा रंग बदलतो आणि बाकी सगळं जागेवर राहतं.

आकडे स्वतः पडताळायला एवढा कोड पुरे:

```python
from collections import Counter
from itertools import groupby
from math import log2

s = ("अअअअअअअअ" "अअअअअअअअ" "अअअअअअबब" "अअअअबबबब"
     "अअबबबबकक" "अअबबकककक" "बबककककडड" "बबडडडडडड")
n = len(s)
H = -sum(c/n * log2(c/n) for c in Counter(s).values())
runs = [(k, len(list(g))) for k, g in groupby(s)]
print(round(H, 4), round(H*n, 2), len(runs))
```

उत्तर `1.8058 115.57 15` यायला हवं. मग `import random` लिहून `s = random.sample(s, n)` ने पिक्सेल हलवा आणि `H` पासूनचा शेवटचा भाग पुन्हा चालवा. पहिले दोन आकडे तसेच राहतील, तिसरा ४४ च्या आसपास उडी मारेल.